रूफटॉप सोलर: पॅनेल बरोबर येतात, पण एंड क्लॅम्प, रेल आणि लाल केबल दर साइटवर कमी का पडते?

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. ड्रॉइंगवर पॅनेल मोजले, त्यावरून मटेरियलची यादी केली, वर सवयीने दहा टक्के वाढवले आणि गाडी पाठवली. तिसऱ्या दिवशी साइटवरून फोन येतो: टोकाचे पॅनेल पकडणारे एंड क्लॅम्प संपले, दोन पॅनेलमधल्या मिड क्लॅम्पची पिशवी न फोडता पडून आहे, पॅनेलखालच्या रेलचे दीड-दोन हात लांबीचे तुकडे कोपऱ्यात साचलेत आणि शेवटची ओळ रेलवाचून अडली आहे. केबलचं तर विचारूच नका. काळी उरते आणि लाल कमी पडते. मग दोन पिशव्या क्लॅम्पसाठी पुन्हा टेम्पो.

दहाच्या जागी पंधरा टक्के वाढवून हे सुटत नाही. चूक टक्क्यांत नसते. ड्रॉइंगमधून नेमकं काय मोजायचं, तिथे ती असते. पॅनेलची संख्या ही एकच गोष्ट अशी आहे जी ड्रॉइंगवर नुसती बोट ठेवून मोजली तरी बरोबर येते. बाकीचं सगळं पॅनेलवर नाही, पॅनेलच्या मांडणीवर ठरतं. एक शेड घेऊन हे दाखवतो.

समजा एमआयडीसीतलं पत्र्याचं शेड आहे. आढं पूर्व-पश्चिम, लांबी ४० मीटर. दक्षिणेकडच्या उताराची आढ्यापासून गटारीपर्यंतची लांबी ड्रॉइंगवर ९ मीटर, उतार १० अंश. पॅनेल ५५० वॅटचे, २२७८ बाय ११३४ मिलिमीटर, फ्रेमची जाडी ३५. पॅनेल उभे, म्हणजे लांब बाजू उताराच्या दिशेने. ओळी तीन. रेल आढ्याला समांतर, प्रत्येक ओळीखाली दोन. दोन पॅनेलमध्ये मिड क्लॅम्पसाठी २० मिलिमीटर फट. या उतारावर उजेडासाठी फायबर पत्र्याचे दोन पट्टे आढ्यापासून गटारीपर्यंत जातात. त्यांच्यावर पॅनेल चालत नाहीत, म्हणून तिथे दीड-दीड मीटर मोकळे सोडले आहेत. वरच्या ओळीत मधोमध एक्झॉस्टचं डक्ट वर आलंय, तिथे तीन पॅनेल गाळले आहेत.

त्यामुळे खालच्या दोन ओळींत पॅनेल १०, ११, १० असे बसतात आणि वरच्या ओळीत १०, ४, ४, १०. एकूण ९०. म्हणजे ४९.५ किलोवॅट. इथपर्यंत कोणाचं चुकत नाही.

मोजायला बसण्याआधी ड्रॉइंगचीच परीक्षा घ्यावी. पीडीएफ कागदावर छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला असेल, तर कोपऱ्यात छापलेला १:१०० खोटा ठरतो. पट्टी लावून शेडची ४० मीटर लांबी मोजा. कागदावर ती ४० सेंटिमीटर भरली नाही, तर त्या कागदावर पट्टीने पुढे काहीही मोजू नका, फक्त लिहिलेली मापं वापरा. दुसरी गोष्ट उताराची. वरून पाहिलेल्या नकाशात उताराची लांबी आखडून दिसते. १० अंशांना ९ मीटरचे प्रत्यक्षात ९.१४ होतात, फरक किरकोळ. पण कोकणातल्या कौलारू छपराला ३० अंशांचा उतार असला, तर तेच ९ मीटर १०.३९ भरतात. तिथे नकाशावरची लांबी तशीच धरली, तर जागा असून एक ओळ कमी बसवली जाऊ शकते, आणि उताराने जाणारी केबल तर नक्कीच कमी पडते.

आता क्लॅम्प. चालत आलेला हिशोब असा: प्रत्येक ओळीला चार एंड क्लॅम्प, बाकी सगळे मिड. तीन ओळी म्हणून १२ एंड आणि १७४ मिड. यातला 'ओळ' हा शब्दच घात करतो. क्लॅम्पच्या दृष्टीने फायबर पत्र्यापाशी ओळ संपते आणि पलीकडे नवी सुरू होते. डक्टपाशीही तेच. म्हणून ओळी मोजायच्या नाहीत, सलग गट मोजायचे. मधे खंड न पडता जेवढे पॅनेल खेटून बसतात तो एक गट. आपल्या शेडवर खालच्या दोन ओळींत तीन-तीन आणि वरच्या ओळीत चार, असे १० गट आहेत. प्रत्येक ओळीखाली दोन रेल असताना सूत्र एवढंच:

```
एंड क्लॅम्प = ४ × गट
मिड क्लॅम्प = २ × (पॅनेल − गट)
```

एंड ४० आणि मिड १६०. जुन्या हिशोबाने १२ एंड गेले असते, म्हणजे २८ कमी, आणि मिड १४ जास्त. दहा टक्के वाढवले असते तर एंड १२ चे १४ झाले असते. यादी तपासायची सोपी खूण अशी की ड्रॉइंगवर फायबर पत्रा, टर्बो व्हेंटिलेटर, डक्ट किंवा चालण्याची वाट दिसते आहे आणि तरीही यादीतले एंड क्लॅम्प बरोबर ओळींच्या चौपट आहेत, तर ती यादी ड्रॉइंग न बघता केलेली आहे.

क्लॅम्पच्या संख्येइतकंच त्याचं माप महत्त्वाचं. एंड क्लॅम्पची उंची फ्रेमच्या जाडीला जुळावी लागते. खरेदीच्या वेळी पॅनेलची कंपनी बदलते, लांबी-रुंदी जवळपास तीच राहते, पण फ्रेम ३५ ची ३० होते. ३५ चा क्लॅम्प ३० च्या फ्रेमवर कितीही आवळला तरी तो रेलवर टेकतो, फ्रेम पकडत नाही. बोल्ट घट्ट लागल्याचा भास होतो आणि पॅनेल हाताने हलतो. म्हणून यादीत नुसतं 'एंड क्लॅम्प' लिहू नये, 'एंड क्लॅम्प, ३५ मिमी' असं लिहावं, आणि पॅनेलचा मेक पक्का होईपर्यंत ती ऑर्डर सोडू नये.

रेलचा गोंधळ जरा वेगळा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. दहाच्या गटाची रुंदी ११.५२ मीटर भरते: दहा पॅनेल आणि मधल्या नऊ फटी. एंड क्लॅम्पला पकड मिळावी म्हणून रेल दोन्ही टोकांना ७५ मिलिमीटर बाहेर ठेवली, तर एक रेल ११.६७ मीटरची होते. अकराच्या गटाला १२.८२ आणि चारच्या गटाला ४.७५. अशा १२, ४ आणि ४ रेल लागतात. सगळ्यांची बेरीज साधारण २१० मीटर. पुरवठादाराकडे रेल ४.२ मीटरच्या बारमध्ये येते असं धरू. २१० भागिले ४.२, म्हणजे ५० पूर्ण बार आणि वर थोडंसं, म्हणून ५१ बार. बहुतेक याद्या इथेच थांबतात.

पण रेल ही केबलसारखी सलग गुंडाळी नाही. ११.६७ च्या रेलला दोन पूर्ण बार आणि तिसऱ्यातून ३.२७ मीटर लागतात. उरलेला ०.९३ चा तुकडा. असे १२ तुकडे, म्हणजे अकरा मीटरहून जास्त रेल. कागदावरच्या बेरजेत हे अकरा मीटर वापरलेले असतात, छपरावर मात्र ते कोपऱ्यात पडून असतात. 'जोडून घ्या की' असं ऑफिसातून सांगणं सोपं आहे. दीड-दोन हातांचा तुकडा टोकाला जोडला, तर त्याच्या वाट्याला आधार जेमतेम एक येतो, आणि नेमका तिथेच एंड क्लॅम्प वाऱ्याची सगळी ओढ घेत असतो. म्हणून आम्ही अट ठेवतो की १.२ मीटरपेक्षा छोटा तुकडा रेलमध्ये जोडायचा नाही.

ही अट पाळून अकराच्या गटाकडे बघा. तीन बार लावले की १२.६ मीटर होतात आणि वर फक्त २२ सेंटिमीटर हवे असतात. ते जोडता येत नाहीत. मग दोन बार पूर्ण, तिसरा ३.२ वर कापायचा आणि चौथा तुकडा १.२२ चा. चारच्या गटाला ३.५ आणि १.२५. हे छोटे तुकडे एका बारमधून दोन-तीन निघतात, म्हणून ते शेवटी एकत्र कापायचे. सगळा हिशोब असा बसतो: दहाच्या गटांना ३६ बार, अकराच्या गटांना १२, चारच्या गटांना ४ आणि आठही छोटे तुकडे काढायला ३. एकूण ५५. भागाकाराने आलेल्या आकड्यापेक्षा चार बार जास्त. चार बार म्हणजे १६.८ मीटर, दहाच्या गटाची एक रेल पूर्ण होऊन वर पाच मीटर उरतील एवढी. साइटवर शेवटची ओळ का अडते, ते इथे दिसतं.

कापण्याचा हा हिशोब कागदावर एकदा मांडला की रेलचे तुकडे जोडणारे जॉइंटरही त्यातूनच निघतात. रेलमध्ये जितके तुकडे, त्यापेक्षा एक कमी जॉइंटर. दहाच्या गटात रेलमागे दोन, अकराच्यात तीन, चारच्यात एक, मिळून ४०. आणि हा कागद फिटरच्या हातात द्यायलाच हवा. तो नसेल तर फिटर समोर येईल तो बार कापतो, १.२२ चा तुकडा नव्या कोऱ्या बारमधून काढतो आणि ५५ बारही पुरत नाहीत. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

रेलला पत्र्यावर धरून ठेवणाऱ्या एल-फूटच्या बाबतीत ड्रॉइंगवरचा एक आकडा फसवतो. स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: दोन एल-फूटमधलं अंतर जास्तीत जास्त १२०० मिलिमीटर. यादी करणारा २१० मीटरला १.२ ने भागतो आणि १७५ लिहितो. पण एल-फूट पत्र्यावर कुठेही बसत नाही, तो उंचवट्यावरच, म्हणजे क्रेस्टवरच बसतो. या पत्र्याचे क्रेस्ट २५० मिलिमीटरवर आहेत. त्यामुळे अंतर ७५०, १००० किंवा १२५० असंच ठेवता येतं. १२५० चालत नाही, म्हणून प्रत्यक्ष अंतर १००० धरावं लागतं. शिवाय शेवटच्या एल-फूटपुढे रेल ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त लोंबू द्यायची नाही, अशी अट असते. ती लावली की दहाच्या गटाच्या रेलला १३, अकराच्या रेलला १४ आणि चारच्या रेलला ६ एल-फूट लागतात. बेरीज २३६. यादीत १७५ होते, म्हणजे ६१ कमी. प्रत्येक एल-फूटला क्रेस्टच्या दोन्ही अंगांना दोन-दोन, असे या डिझाइनमध्ये चार स्क्रू आहेत, म्हणजे ९४४ स्क्रू. त्यांची मोजदाद एल-फूटवरून आपोआप सुधारते. म्हणून क्रेस्टचं अंतर ड्रॉइंगवर लिहिलेलं नसेल, तर साइटवरच्या माणसाला पत्र्यावर टेप लावून दहा क्रेस्टमधलं अंतर मोजायला सांगा आणि नऊने भागा. एकाच खाचेचं माप घेतलं तर पाच-सात मिलिमीटरची चूक होते आणि चाळीस मीटरच्या छपरावर ती बरीच वाढते.

आता केबल. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर आहे आणि केबल नैऋत्य कोपऱ्यातून खाली उतरते. कोपऱ्यापासून इन्व्हर्टरपर्यंत उतरण, वळणं आणि टोकाला सोडलेली थोडी ढील धरून १० मीटर. ९० पॅनेलच्या १८-१८ च्या पाच स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या पाच माळा. ढोबळ हिशोब असा होतो की छपराच्या मध्यापासून कोपरा २० मीटर, खाली १०, म्हणून ३० मीटर गुणिले पाच, १५० मीटर. यात पहिली चूक म्हणजे प्रत्येक स्ट्रिंगला जायची आणि यायची अशा दोन वायरी लागतात. ती लक्षात आली की लोक दुप्पट करून ३०० लिहितात. तरी पुरत नाही, कारण छपराचा मध्य ही कोणत्याच स्ट्रिंगची जागा नसते. स्ट्रिंगची दोन टोकं शोधा आणि प्रत्येक टोकापासून केबल ट्रेच्या वाटेने, म्हणजे आडवं जाऊन मग उताराने खाली, असं मोजा. तिरकी रेष मोजायची नाही, पत्र्यावरून तिरकी केबल कोणी टाकत नाही.

आपल्या शेडवर पहिली स्ट्रिंग खालच्या ओळीत पश्चिमेकडून १८ पॅनेल. तिचं एक टोक कोपऱ्यापासून ३ मीटरवर, दुसरं २५ वर. दुसरी खालच्या ओळीचे उरलेले १३ घेऊन पूर्वेच्या टोकाला वर वळते आणि मधल्या ओळीचे ५ घेते. तिची टोकं २५ आणि ३८ मीटरवर. तिसरीची १४ आणि ३८. चौथी मधल्या ओळीचे पश्चिमेकडचे ८ आणि वरच्या ओळीचे १०, तिची १४ आणि १९. पाचवी वरच्या ओळीचे बाकी १८, तिची २० आणि ४६. प्रत्येक टोकाला उतरणीचे १० मीटर मिळवले की एकूण ३४२ मीटर होतात.

इथेच लाल-काळ्याचा उलगडा होतो. सगळे पॅनेल एकाच तोंडाने बसवले की प्लसची वायर सगळ्यांची एकाच बाजूला येते. इथे ती पूर्वेला आहे, म्हणजे इन्व्हर्टरपासून लांबच्या बाजूला. वळण घेणाऱ्या दोन स्ट्रिंगमध्ये मधल्या ओळीचे पॅनेल उलटे फिरवावे लागतात, नाहीतर पॅनेलच्या आखूड वायरी शेजारच्याला पोहोचत नाहीत, आणि तिथेही प्लस लांबच्या टोकालाच राहतो. परिणामी पाचही स्ट्रिंगची लाल वायर लांबची आणि काळी जवळची. लाल २१६ मीटर, काळी १२६. स्टोअरने '३४२ ना, मग दोनशे-दोनशे आणा' म्हणून आणली, की हाती ४०० मीटर केबल असूनही लाल १६ मीटर कमी पडते. तेव्हा साइटवर काळ्या केबलला लाल टेप गुंडाळायचा मोह होतो. तो टेप छपरावरच्या उन्हात काही महिन्यांत सुटतो, आणि नंतर देखभालीला येणाऱ्या माणसाला हजार व्होल्टच्या आसपासच्या वायरीची ओळख रंगावरूनच पटवायची असते. म्हणून केबलच्या यादीत नेहमी दोन ओळी ठेवाव्यात, एक लाल आणि एक काळी, प्रत्येकीचा आकडा वेगळा.

यात एक छोटी गोष्ट हमखास राहून जाते. स्ट्रिंग जिथे फायबर पत्रा ओलांडते, ओळ बदलते किंवा डक्टला वळसा घालते, तिथे पॅनेलची स्वतःची वायर पुरत नाही आणि मधे जोडकेबल लागते. वरच्या मांडणीत फायबर पत्रा पाचदा ओलांडला जातो, ओळ दोनदा बदलते आणि डक्टपाशी एकदा वळसा पडतो. आठ जोडकेबली, मिळून साधारण २७ मीटर. प्रत्येकीला एमसी-फोर कनेक्टरची एक जोडी. शिवाय प्रत्येक स्ट्रिंगला पॅनेलच्या टोकांपाशी एक जोडी आणि इन्व्हर्टरपाशी एक. पाच स्ट्रिंगच्या १० आणि जोडकेबलींच्या ८, अशा १८ जोड्या. इन्व्हर्टरच्या खोक्यात त्याच्या बाजूचे कनेक्टर बऱ्याचदा येतात. खोकं उघडून बघावं आणि आले असतील तर तेच वापरावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत बसतात खरे, पण आतला संपर्क नीट जुळत नाही आणि तापून वितळलेले कनेक्टर तिथेच सापडतात.

राखीव माल किती घ्यायचा याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वस्तू बघून. स्क्रू पत्र्यावरून घरंगळतात, त्यांना पाच टक्के द्यावेत. क्लॅम्पला दोन-तीन टक्के बास. कनेक्टर क्रिंप करताना फुकट जातात, म्हणून दोन-तीन जोड्या जास्त. केबलला पाच टक्के, पण लाल-काळ्याच्या आकड्यांवर स्वतंत्र. रेलला टक्केवारी लावूच नये. कापण्याचा कागद बरोबर असेल तर एक बार जास्त पुरतो, आणि तो बरोबर नसेल तर दहा टक्केही कुठे जातील याचा नेम नाही.

शेवटचं कारण ड्रॉइंगच्या आवृत्तीचं. पॅनेलची संख्या बदलली नाही की लोक यादीही तीच ठेवतात. समजा डक्टची जागा एका बाजूला सरकली आणि वरच्या ओळीत ४ आणि ४ च्या ऐवजी सलग ८ पॅनेल आले. पॅनेल ९०च राहिले, पण गट १० चे ९ झाले. एंड क्लॅम्प ३६, मिड १६२, आणि ४.७५ च्या चार रेल जाऊन ९.३६ च्या दोन आल्या, म्हणजे कापण्याचा कागद नव्याने मांडणं आलं. म्हणून यादीच्या माथ्यावर ड्रॉइंगचा क्रमांक आणि आवृत्ती लिहा, आणि आवृत्ती बदलली की सगळ्यात आधी गट पुन्हा मोजा. गटांची संख्या आणि प्रत्येक गटातले पॅनेल तेच असतील, तर क्लॅम्प, रेल, जॉइंटर आणि एल-फूटला हात लावायची गरज नाही, फक्त केबलची टोकं सरकली आहेत का ते बघायचं.